तुंगार्लीचा राउटर आणि हरवलेला मेल

माझे एक ज्येष्ठ स्नेही पुण्यात कोथरूडला राहतात. लोणावळ्यात तुंगार्लीला त्यांचा काळ्या दगडाच्या जाड भिंतींचा जुना बंगला आहे. शनिवार-रविवारी तो पाहुण्यांना भाड्याने देतात. एका राउटरचं वाय-फाय त्या भिंती ओलांडत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने टीपी-लिंक कंपनीचा डेको नावाचा तीन डब्यांचा संच बसवून दिला. एक डबा दिवाणखान्यात, एक माडीवर आणि एक मागच्या माळ्याच्या खोलीत. मुलगा नंतर जर्मनीला गेला. या पावसाळ्यात त्या स्नेह्यांचा, म्हणजे काकांचा, फोन भिजून बंद पडला. नव्या फोनवर डेकोचं अ‍ॅप घेतलं, तर त्याने ईमेल आणि पासवर्ड मागितला.

"पासवर्ड डायरीत लिहिलाय की!" काका म्हणाले. डायरीत खरंच होता, पण वाय-फायचा. अ‍ॅप मागत होतं तो निराळा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून आधी एवढं मोकळं करून घेऊ. घरच्या राउटरभोवती तीन वेगवेगळे पासवर्ड असतात. पहिला वाय-फायचा, जो पाहुणे आल्या आल्या विचारतात. दुसरा राउटरच्या आत शिरण्याचा, म्हणजे ब्राउझरमध्ये `tplinkwifi.net` किंवा `192.168.0.1` उघडल्यावर लागतो तो. याला स्थानिक पासवर्ड म्हणू. आणि तिसरा कंपनीच्या क्लाउड खात्याचा. टीपी-लिंकच्या बाबतीत या खात्याला TP-Link ID म्हणतात. हे खातं राउटरमध्ये नसतं. ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, आणि तुमचा राउटर त्याला बांधलेला असतो. त्यामुळेच पुण्यात बसून तुंगार्लीचं वाय-फाय चालू आहे का, हे काकांना फोनवर दिसायचं. वाय-फायचा पासवर्ड कितीही नीट आठवत असला, तरी या तिसऱ्या कुलपाला तो लागत नाही.

तुमच्याकडे त्याच कंपनीचा आर्चर जातीचा एकटा राउटर असेल आणि अ‍ॅप टेथर असेल, तर घाबरायचं कारण कमी आहे. तिथे क्लाउड खातं मुख्यतः लांबून पाहण्यासाठी असतं. राउटरच्या वाय-फायला जोडून स्थानिक पासवर्डाने आत जाता येतं आणि जवळपास सगळी कामं करता येतात. डेकोचं तसं नाही. त्याचं अ‍ॅप खात्याशिवाय उघडतच नाही, आणि ब्राउझरमधलं त्याचं पान खात्याच्याच पासवर्डाने उघडतं, वर तिथे करण्यासारखं फारसं नसतं. म्हणून डेकोचं खातं हरवलं की इंटरनेट चालू राहतं, पण कारभार हातातून जातो. काकांचं नेमकं हेच झालं होतं. वाय-फाय उत्तम चालत होतं. फक्त चार वर्षांत शेकडो पाहुण्यांना दिलेला पासवर्ड त्यांना बदलता येत नव्हता.

त्यांनी पहिली चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. नवं खातं काढलं. अ‍ॅप खुशाल उघडलं, पण आत काहीच नाही. नवा संच बसवा, एवढंच म्हणत होतं. तो बसवायला गेले तर पुढे जाईना. काकांना वाटलं, डबे बिघडले. बिघडलं काहीच नव्हतं. डबे जुन्या मालकाला, म्हणजे जुन्या ईमेलच्या खात्याला बांधलेले होते, आणि दुसऱ्या कुणी येऊन "हे माझे" म्हटल्याने ते सुटत नाहीत. सुटायला नकोतही. नाहीतर शेजारच्या बंगल्यातला पाहुणा तुमचा राउटर आपल्या नावावर करून मोकळा झाला असता.

मग आम्ही कामाचे दोन भाग केले. खातं सर्व्हरवर आहे, तेव्हा त्याचा शोध पुण्यात बसून घेता येतो आणि तो तिथेच घ्यावा. डबे तुंगार्लीला आहेत, त्यांचं काम तिथे गेल्याशिवाय होत नाही. ही वाटणी मावळात फार उपयोगी पडते. पवनानगरच्या बाजूला, तिकोना-तुंगच्या पायथ्याशी फोनला रेंज धड नसते. तिथे बसून "मेलवर आलेला कोड टाका" असं अ‍ॅपने म्हटलं, तर कोड येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.

खात्याच्या शोधात पासवर्ड आधी शोधायचा नसतो, ईमेल आधी शोधायचा असतो. पासवर्ड विसरला तर `Forgot Password` दाबून नवा करता येतो. पण तो कोणत्या पत्त्यावर मागायचा, हेच माहीत नसेल तर त्या बटणाचा उपयोग शून्य. कंपनीला विचारून जुना पासवर्ड मिळत नाही. नीट चालवलेल्या कुठल्याही सेवेकडे तुमचा पासवर्ड अक्षरांत लिहिलेला नसतोच. तो एका गणिती प्रक्रियेतून काढून त्याचा फक्त ठसा ठेवतात. तुम्ही टाकलेल्या पासवर्डाचा ठसा जुळतो का, एवढं पाहता येतं. ठशावरून पासवर्ड काढता येत नाही.

ईमेल शोधायच्या जागा फार नाहीत. पहिली जागा म्हणजे घरातला कुठलाही जुना फोन किंवा टॅब, ज्यावर ते अ‍ॅप अजून उघडं आहे. तो सापडला तर त्यातून चुकूनही लॉग-आउट करू नका आणि अ‍ॅप काढून टाकू नका. अ‍ॅपच्या मेन्यूत खात्याचा पत्ता दिसतो. शिवाय डेकोमध्ये मालक आपल्या जोडीला व्यवस्थापक नेमू शकतो. अ‍ॅपमध्ये त्याला `Managers` म्हणतात. त्या उघड्या फोनवरून आपल्या नव्या खात्याला व्यवस्थापक करून घेतलं, की निम्मं काम तिथेच होतं. व्यवस्थापकाला मालकाचे सगळे अधिकार नसतात, पण रोजचं काम भागतं. काकांच्या घरी मात्र असा फोन नव्हता.

दुसरी जागा म्हणजे मेलपेट्या. खातं काढताना ते चालू करण्यासाठी एक मेल येतो, तो बहुधा कुणी पुसत नाही. घरातल्या प्रत्येकाच्या जीमेलमध्ये शोधाच्या चौकटीत हे टाकायचं:

```
in:anywhere tp-link
```

`in:anywhere` लिहिलं की जीमेल स्पॅम आणि कचरापेटीतही शोधतं. नुसतं नाव टाकलं तर त्या दोन्ही वगळतं. तिसरी जागा फोनने स्वतःहून जपून ठेवलेले पासवर्ड. अँड्रॉइडवाल्यांनी `passwords.google.com` उघडावं, आयफोनवाल्यांनी पासवर्डची यादी पाहावी. तिथे कंपनीच्या नावाबरोबर Deco, Tether आणि त्याच खात्यावर चालणाऱ्या Tapo, Kasa या नावांनीही शोधावं. कॅमेऱ्यासाठी Tapo वापरत असाल तर त्याचं आणि राउटरचं खातं बहुतेक एकच असतं, हे पुष्कळांच्या ध्यानातच नसतं. कॅमेऱ्याचं अ‍ॅप फोनवर उघडं असेल तर राउटरच्या खात्याचा ईमेल तिथेच लिहिलेला सापडू शकतो.

एवढं करूनही हाती लागलं नाही, तर शक्य वाटणारे पत्ते एकेक करून `Forgot Password` मध्ये टाकून पाहायचे. मेल आला तर पत्ता बरोबर. पंधरा मिनिटांत आला नाही आणि स्पॅममध्येही नाही, तर तो पत्ता बाद. इथे एक बारकावा आहे, आणि तो मला स्वतःला फार उशिरा कळला. जीमेल नावातले टिंब मोजत नाही. `mavalghar@gmail.com` आणि `maval.ghar@gmail.com` हे दोन्ही पत्ते जीमेलच्या लेखी एकच, दोन्हींचे मेल एकाच पेटीत पडतात. पण राउटरच्या कंपनीच्या लेखी ती दोन वेगळी नावं असू शकतात. खातं काढताना टिंब दिलं असेल आणि आज न देता शोधत असाल, तर खातं नाहीच असं उत्तर मिळेल. म्हणून टिंब देऊन आणि न देता, दोन्ही प्रकारे बघावं. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि सुचवलेला शब्द निवडला की शेवटी एक मोकळी जागा सोडतो, तेही तपासावं. पासवर्ड मात्र अंदाजाने ठोकत बसू नये. पुष्कळदा चुकला की खातं काही वेळ बंद होतं आणि मग खरा आठवला तरी थांबावं लागतं.

आम्ही काकांचे दोन आणि काकूंचा एक असे तीन पत्ते टिंबांसह तपासले. कुठेच मेल आला नाही. रात्री मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, त्या वेळी मी सगळं ऑफिसच्या मेलवरच काढायचो." ती नोकरी त्याने सोडली होती, म्हणजे ती पेटी बंद.

पेटी बंद झाली म्हणजे खातं गेलं, असं नाही. ईमेल इथे दोन कामं करतो. खात्याचं नाव म्हणून तो मेलेला असला तरी चालतो. फक्त पासवर्ड बदलायला तो जिवंत लागतो. मुलाला जुना पासवर्ड आठवला असता किंवा त्याच्या लॅपटॉपमध्ये जपलेला निघाला असता, तर बंद पेटीच्या नावानेही आत जायला वाव होता. त्याने लॅपटॉप धुंडाळला, पण ऑफिसचा लॅपटॉपही ऑफिसलाच परत गेलेला.

पेटी स्वतःची असेल तर प्रकरण वेगळं. जीमेलचाच पासवर्ड विसरला असेल, तर आधी `accounts.google.com/signin/recovery` वरून जीमेल परत मिळवायचं आणि मग राउटरच्या खात्याकडे यायचं. ही उतरंड उलटी चालत नाही. गूगलला ओळख पटवायला नोंदवलेला मोबाइल नंबर उपयोगी पडतो, आणि नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न केला तर यशाची शक्यता वाढते. म्हणून हेही पुण्याच्या घरातून करणं चांगलं. राउटरसाठी म्हणून मुद्दाम काढलेला आणि नंतर कधी न उघडलेला जीमेल पत्ता सर्वांत धोक्याचा. डिसेंबर 2023 पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू शकतं. आणि पुसलेला पत्ता पुन्हा कुणालाच, अगदी मूळ मालकालाही, नव्याने घेता येत नाही.

याच टप्प्यावर माणूस कंटाळून नेटवर कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधतो. शोधात वर दिसणाऱ्या अशा क्रमांकांत भामट्यांचे क्रमांक मिसळलेले असतात. पलीकडचा गोड बोलतो, फोनचा पडदा दिसेल असं अ‍ॅप घ्यायला लावतो, "खातं पडताळायला दहा रुपये भरा" म्हणतो आणि बँकेचं खातं रिकामं करतो. क्रमांक घ्यायचाच तर खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. राउटरचं खातं सोडवायला पैसे लागत नाहीत. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही उशीर न करता 1930 लावावा.

आमचा पुण्यातला शोध संपला होता. उरला होता डब्याच्या बुडाशी असलेला रीसेटचा बारीक खटका. तो दाबला की डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो, जुन्या मालकाशी असलेली गाठ सुटते आणि नव्या खात्याला तो घेता येतो. ज्याच्या हातात यंत्र तो मालक, असा हा सरळ हिशेब आहे. पण कोरा म्हणजे सगळंच कोरं. वाय-फायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि इंटरनेटवाल्याने भरून दिलेली माहितीही जाते. लोक अडकतात ते या शेवटच्या गोष्टीत. शनिवारी दुपारी, पाहुणे दारात असताना खटका दाबतात आणि मग होतं तेही इंटरनेट जातं.

म्हणून खटका दाबण्याआधी एक तपासणी करायचीच. घरात येणारी फायबरची तार आधी इंटरनेटवाल्याच्या छोट्या डब्यात जाते आणि तिथून एक केबल आपल्या राउटरला येते. ती केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावायची. इंटरनेट चाललं, तर जोडणी फायबरचा डबाच करतो आहे. राउटर कोरा झाला तरी बसवताना `Dynamic IP` निवडलं की झालं. नाही चाललं, तर बहुधा जोडणी राउटर करत होता, म्हणजे त्यात PPPoE चं नाव आणि पासवर्ड भरलेला होता. तो हातात असल्याशिवाय खटक्याला बोटही लावायचं नाही. काही केबलवाले ठरावीक यंत्रालाच इंटरनेट देतात, लॅपटॉपला देत नाहीत, त्यामुळे हे उत्तर अगदी पक्कं नाही. पण न चालणं म्हणजे "आधी केबलवाल्याला विचारा" एवढं नक्की समजावं.

तुंगार्लीला लॅपटॉपवर इंटरनेट आलं नाही. काकांनी गावातल्या केबलवाल्याला फोन केला. त्याने वहीतून नाव सांगितलं आणि पासवर्ड नवा करून दिला. पाच मिनिटांचं काम, पण ते मंगळवारी सकाळी केलं म्हणून पाच मिनिटांचं. शनिवारी रात्री धो-धो पावसात तो फोन कुणी उचलला असता का, शंकाच आहे.

मग तिन्ही डबे कोरे केले. तिन्ही, हे महत्त्वाचं. मुख्य डबा एकटा कोरा केला तर बाकीचे दोन जुन्याच खात्याशी निष्ठावान राहतात आणि नव्या संचात येत नाहीत. टाचणीने खटका दाबला की दिवा पिवळा होतो, आणि थोड्या वेळाने निळा दिवा हळूहळू मंद-तेज होऊ लागला की डबा नव्या मालकाची वाट पाहतो आहे असं समजायचं. आर्चरसारख्या राउटरला हाच खटका साधारण 10 सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत, दाबून धरावा लागतो. काकांच्या स्वतःच्या जीमेलवर काढलेलं नवं खातं फोनमध्ये पुण्याहूनच उघडून आणलं होतं. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू केलं, मोबाइल डेटावर अ‍ॅप चालवलं, दिवाणखान्यातला डबा आधी घेतला, केबलवाल्याने दिलेलं नाव भरलं आणि मग बाकीचे दोन जोडले. माळ्याच्या खोलीतला डबा पहिल्यांदा सापडेना. तो उचलून दिवाणखान्यात आणला, मुख्य डब्याशेजारी जोडला आणि मग परत जागेवर नेऊन ठेवला. नव्याने जोडताना डबे जवळ असलेले बरे.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पहिल्या फेरीत मुद्दाम जुनाच दिला, अक्षर न अक्षर तसाच. टीव्ही, फाटकावरचा कॅमेरा, इन्व्हर्टर, सगळे त्याच नावाने हाक मारत असतात. नाव जुळलं की ते आपले आपण जोडले जातात. एक मोठं अक्षर लहान झालं तरी जोडले जात नाहीत. कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा होता म्हणून इथेच सुटलो. तो त्याच हरवलेल्या खात्यावर असता, तर वाय-फायला जोडला गेला असता पण बघता आला नसता, आणि शिडी लावून त्यालाही वेगळा कोरा करावा लागला असता. राउटरच्या खटक्याने फक्त राउटर सुटतो.

सगळं चालू झाल्याचं पाहून मग पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं, आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलून टीव्ही-कॅमेरा एकेक करून हाताने जोडला. याला अख्खी दुपार गेली. दिवाणखान्यातला डबा टीपॉयवरून उचलून फायबरच्या डब्याबरोबर कुलपाच्या, पण जाळीच्या, कपाटात ठेवला. ज्या खटक्याने काका मालक झाले, तोच खटका उद्या एखाद्या पाहुण्याच्या हातालाही लागू शकतो. धातूचं कपाट मात्र नको, त्यातून वाय-फाय बाहेर येत नाही.

जर्मनीतल्या मुलाने त्याच्या चालू वैयक्तिक मेलवर स्वतःचं खातं काढलं आणि काकांनी त्याला व्यवस्थापक केलं. मग काकांनी एक कागद लिहिला: खातं कोणत्या ईमेलवर आहे, टिंबासकट, त्या जीमेलला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे, केबलवाल्याचं नाव आणि फोन, जोडणी PPPoE आहे आणि तिचं नाव काय. पासवर्ड एकही लिहिला नाही. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, कारण लोणावळ्याच्या दमट हवेत कागद टिकत नाही, आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला.